मालकाकडे ग्रीलची परवानगी मागताना

पोरी, घर भाड्याचं आणि लेकरू दीड वर्षाचं, म्हणजे ग्रीलचा विषय निघणारच. प्राधिकरणातली जुनी बैठी घरं आठव. तिथल्या प्रत्येक खिडकीला गज बांधकामातच बसवलेले असायचे. आता मोशी, चिखली, रावेत, पुनावळे, चाकणकडचं मेदनकरवाडी, कुठंही नवी बिल्डिंग बघ. खिडकीला सरकती काच, गॅलरीला काचेचं रेलिंग, आणि गज लावायचं राहणाऱ्यावर सोडलेलं. मी भोसरीत बरीच वर्षं फॅब्रिकेशनचं काम केलं आणि आज माझाही एक फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. त्यामुळं ग्रील बसवणाऱ्याची बाजू मला कळते आणि मालकाच्या पोटातली भीतीही कळते.

मालकाला लेकराची काळजी नसते असं समजू नकोस. त्याच्या डोळ्यांसमोर येतात ती भिंतीतली भोकं, ग्रॅनाइटला गेलेला तडा, पावसाळ्यात बाहेरच्या रंगावर उतरलेले गंजाचे ओघळ आणि सोसायटीची नोटीस. इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट. रेरा कायद्यानं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. पुढे गळती निघाली तर बिल्डर भोकांकडे बोट दाखवील, हे मालकाला ठाऊक असतं. म्हणून ‘काका, ग्रील लावू का?’ असं नुसतं विचारलंस की उत्तर ‘बघू’ येतं, आणि ‘बघू’मध्ये सहा महिने जातात. काय, कुठं, किती भोकं आणि जाताना ती कशी बुजवणार, हे सगळं हातात घेऊनच फोन कर.

फोनच्याही आधी सोसायटीच्या ऑफिसात जा. ग्रीलचा कोणता नमुना मंजूर आहे ते मॅनेजरला विचार आणि ज्यांनी लावलंय त्यांच्या घरी जाऊन बघ. बाहेर डोकावणारा पिंजरा बऱ्याच सोसायट्यांना चालत नाही, कारण इमारतीचा दर्शनी भाग बदलतो. आणि हे पक्कं ध्यानात ठेव, सोसायटीचा सभासद मालक आहे, तू नाहीस. फ्लॅटमधल्या बदलाचा अर्ज सभासदाच्या सहीनंच जायला हवा. भाडेकरू स्वतःच अर्ज देतात, तो फायलीत पडून राहतो आणि शेवटी काम अडवायला वॉचमन दारात उभा राहतो. अर्ज तू लिही, सही मालकाची घे.

आता तुझं घर धरूनच सांगतो. आठवा मजला, हॉलला आणि बेडरूमला एकेक सरकती खिडकी, आणि दहा फुटांची गॅलरी. खिडकीला मच्छरजाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती जाळी डास अडवते, रेललेलं लेकरू तिच्यासकट बाहेर जातं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळीही पडणाऱ्याला धरण्यासाठी नसते. उन्हानं तिचे धागे कुजतात आणि ती नुसत्या हुकांवर टांगलेली असते.

खिडकीचं ग्रील आतून बसव. बाहेरून लावलेलं काढायला आठव्या मजल्यावर झुला लागतो, आणि तो खर्च बघून जाताना ‘काढून देईन’ हा शब्द पाळणं जड जातं. आतून लावलेलं एक कारागीर घरात उभा राहून अर्ध्या दिवसात उतरवतो. तुझ्या खिडक्यांना चारी बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट आहे, तिला ड्रिल लावू देऊ नकोस. कडेजवळ भोक पाडलं की तडा जातो, आणि तो कितीही भरला तरी दिसतोच. चौकटीच्या बाहेर, आतल्या भिंतीवर ग्रीलची पट्टी टेकवून घे. भिंत काँक्रीटची असेल तर साधा फास्टनर घट्ट बसतो. हलक्या ब्लॉकची असेल तर ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं आणि पांढरी भुकटी पडते. तिथं साधी प्लगची गट्टी काही दिवसांत सैल होते, लांब फ्रेम-फास्टनर मागायचा. आणि ग्रील नट-बोल्टवर हवं. भिंतीत गज गाडून सिमेंट भरलेलं किंवा जागेवर वेल्डिंग केलेलं नको, नाहीतर काढताना ग्रायंडर चालतो आणि भिंतही फुटते.

गजांमधलं अंतर तीन इंच सांग. चार इंचांच्या वर कधीच नको. लहान मुलाचं अंग फटीतून आधी निघतं आणि डोकं अडकतं, म्हणजे ते बाहेर लोंबकळतं. लोखंड वाचवायला काही कारागीर पाच इंचांवर गज टाकतात, म्हणून जागेवर टेप लावून मोज. ग्रील आणि भिंत यांच्यामधली फटही त्याच मापात धर. गज उभेच हवेत, आडवे गज पोरांना शिडीसारखे सापडतात. न्यूयॉर्क शहरात 1976 पासून दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल त्या फ्लॅटला खिडकीचं संरक्षण देणं घरमालकावरच बंधनकारक आहे, आणि तिथंही साडेचार इंचांहून मोठी फट चालत नाही. आपल्याकडं तसा नियम नाही, म्हणून मागणी आपल्यालाच नीट करावी लागते.

गॅलरीचं काम जास्त नाजूक. तुमच्या सोसायटीत तिथं फक्त उभ्या स्टीलच्या तारांचं, ज्याला लोक ‘इनव्हिजिबल ग्रील’ म्हणतात, तेच मंजूर आहे असं तू म्हणालीस. ते चालेल. पण तार ताणलेली असते, आणि वरच्या-खालच्या पट्टीला ती सतत ओढत असते. खालची पट्टी रेलिंगवर बसवली तर रेलिंगच वाकतं, काचेच्या रेलिंगवर तर ती बसवायचीच नाही. रेलिंगच्या आत काँक्रीटचा बुटका कट्टा आहे, त्याच्या माथ्यावर पट्टी बसवून तारा थेट छतापर्यंत जाऊ देत. गॅलरीच्या फरशीला मात्र एकही भोक नको. फरशीखाली पाणी अडवणारा थर असतो. तो फुटला की पुढच्या पावसात खालच्या फ्लॅटचं छत ओलं होतं आणि तक्रार थेट मालकाकडे जाते. कट्ट्यावरची भोकंही सीलंटनं बंद करून घे. तारांमधलं अंतर दोन इंच ठेव. काम झाल्यावर दोन शेजारच्या तारा हातानं बाजूला ओढून बघ. तुझा पंजा आरपार गेला तर ताण कमी आहे, पैसे चुकते करायच्या आधी आवळून घे. सहा महिन्यांनी पुन्हा तसंच बघायचं.

एक गोष्ट कारागीर स्वतःहून सांगणार नाही. आग लागली तर हेच ग्रील आपल्यालाच कोंडतं. बेडरूमच्या ग्रीलमध्ये मोठा माणूस निघेल एवढं, साधारण दोन बाय अडीच फुटांचं, बिजागरीचं दार ठेव. त्याला आतून कुलूप लाव आणि किल्ली त्याच खोलीत, लेकराचा हात पोचणार नाही अशा खिळ्यावर टांग. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती दाखव, गावाहून सासूबाई आल्या तर त्यांनाही.

आता कागदाकडे ये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तुझा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स तसाच आहे. त्यात ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणताही बदल करणार नाही’ हे वाक्य बहुतेक असतंच, काढून वाच. म्हणून फोनवर ‘हो, लावा’ आलं तरी काम सुरू करू नकोस. भाडं वेळेवर दिलेल्या आठवड्यात फोन कर, तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी हे पाठव.

‘आदरणीय काकांस सप्रेम नमस्कार. आपल्या फ्लॅटमध्ये आमची दीड वर्षाची मुलगी आता चढू लागली आहे. म्हणून दोन खिडक्यांना आतून बोल्टवर बसणारं ग्रील आणि गॅलरीला सोसायटीनं मंजूर केलेल्या स्टीलच्या तारा लावण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. खिडक्यांना प्रत्येकी आठ भोकं पडतील, गॅलरीची भोकं सोबतच्या नकाशावर दाखवली आहेत. ग्रॅनाइट, गॅलरीची फरशी आणि बाहेरची भिंत यांना हात लावणार नाही. सगळा खर्च आमचा. घर सोडताना ग्रील आणि तारा काढून, भोकं बुजवून, त्याच शेडचा रंग देऊन ताबा देऊ. ते राहिलं तर दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च अनामतीतून वळता करावा. ग्रील तसंच ठेवावं असं आपल्याला वाटल्यास मोबदल्याशिवाय ठेवू. सोसायटीचा अर्ज सोबत पाठवत आहे, त्यावर सही करून द्यावी.’

या पत्रातली ‘प्रत्यक्ष खर्च’ आणि ‘तसंच ठेवावं’ ही वाक्यं गाळू नकोस. पहिलं नसेल तर सोळा भोकांसाठी अख्ख्या खोलीच्या रंगाचे पैसे कापले जातात. दुसरं असलं की मालकाचा जीव खाली पडतो, कारण पुढच्या भाडेकरूलाही लेकरू असू शकतं. तसंही खिडकीचं माप घरागणिक बदलतं, तुझ्या पुढच्या घरी हे ग्रील बसेलच असं नाही. सोबत हातानं काढलेला नकाशा आणि भिंतींचे आजचे फोटो जोड. उत्तर ‘ओके’ एवढंच आलं तर ‘वरील पत्राप्रमाणे संमती आहे’ असं लिहून मागव. नूतनीकरणाला नवा करार होईल तेव्हा हाच मजकूर त्यात घाल, म्हणजे मालकाचा मुलगा कारभार बघू लागला तरी प्रश्न येत नाही.

परवानगी येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. पलंग, सोफा, खुर्ची, चपलांचा स्टँड खिडकीपासून हलव. सरकत्या खिडकीच्या रुळावर स्क्रूनं आवळायचा स्टॉपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याला भोक लागत नाही. पल्ला चार इंचांपुढे सरकणार नाही असा तो लाव आणि हातानं ढकलून बघ. गॅलरीच्या दाराची वरची कडी दिवसाही लावलेली असू दे. मालकानं नाहीच म्हटलं तर कारण विचार. बहुतेक वेळा ते भोकांचं किंवा सोसायटीचं असतं, आणि दोन्हींवर तुझ्याकडं उत्तर आहे. गॅलरीला ठाम नकार असेल तर खिडक्यांपुरती संमती आधी घे, गॅलरी कुलपात ठेव आणि करार संपताना दुसरं घर बघ.

घर सोडायच्या महिनाभर आधी ज्या कारागिरानं बसवलं त्यालाच बोलाव. बोल्ट काढून आतली गट्टी उपटून घ्यायची, वर नुसती पुट्टी फासायची नाही, नाहीतर ती महिन्यात खचते. काँक्रीटच्या भोकात सिमेंटचा मसाला भर, वाळू दे, मग पुट्टी आणि रंग. रंगाचा शेड नंबर आजच मालकाला विचारून करारामागं लिहून ठेव, तेव्हा डबा शोधत बसायला नको. ताबा देताना मालकाला प्रत्येक जागा दाखव आणि ‘ग्रील काढले, भिंती पाहिल्या, तक्रार नाही’ एवढी ओळ सहीनिशी घेऊनच किल्ल्या दे.