व्याज कोणत्या रकमेवर?

आपल्या धर्मग्रामातील महिला बचत गटाला बँकेच्या अधिकारी बाईंनी समजावलेला एक हिशेब आम्ही येथे देत आहोत.

समजा, एका भगिनीने गटातून १०,००० रुपये कर्ज घेतले. व्याज दरमहा २ टक्के, मुद्दलाचे १,००० रुपयांचे १० हप्ते. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरले, तर पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्या महिन्यात १८०, असे उतरत शेवटी २० रुपये होते. एकूण १,१०० रुपये. पण दर महिन्याला मूळ रकमेवरच २०० घेतले, तर २,००० रुपये भरावे लागतात. दर तोच, फरक ९०० रुपयांचा!

म्हणून पासबुकात मुद्दल आणि व्याज वेगवेगळे लिहून घ्यावे. हप्ते भरूनही व्याजाचा आकडा उतरत नसेल, तर बैठकीत जरूर विचारावे.