ठोक्यावर उतरणारी ओळ



कायनेटिक टायपोग्राफी, म्हणजे संगीताच्या लयीत पडद्यावर हलत येणारी अक्षरे, यांच्यासाठी तीन ते पाच शब्दांची ओळ रचताना समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, कोणता शब्द पडणार हे आधी ठरवावे आणि उरलेले शब्द त्याच्याकडे नेणारे निवडावेत. ख्यालाचा मुखडा समेच्या अलीकडे उठून समेवर येतो, तशीच ही चाल असते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने बोलण्यातले वाक्य नुसते तोडले, तर सम ‘पाहिजे’, ‘आहे’ अशा हलक्या शब्दांवर वाया जाते. ‘पावसाळ्यात छपरावर पडणारे पाणी टाकीत साठवले पाहिजे’ या सात शब्दांत डोळ्यापुढे यायला हवी ती टाकी. म्हणून क्रियापद गाळून ‘छपराचं पाणी टाकीत’ एवढीच ओळ ठेवावी.

मिनिटाला १०० ठोक्यांची चाल आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे स्थिरचित्रे, असे माप धरले तर एक ठोका १५ फ्रेमचा आणि चार ठोक्यांचे आवर्तन ६० फ्रेमचे होते. पहिला ठोका शून्य फ्रेमवर असेल, तर ९०व्या फ्रेमला ‘छपराचं’, १०५व्या फ्रेमला ‘पाणी’ आणि १२०व्या फ्रेमला, समेवर, ‘टाकीत’ येते. पुढची ओळ १५०व्या फ्रेमला उठत असल्याने मधला दोन ठोक्यांचा वेळ पूर्ण ओळ वाचण्यासाठी मोकळा राहतो आणि तो भरण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

नवशिक्याची नेहमीची चूक अशी की, शब्दाची हालचाल तो ठोक्यावर सुरू करतो, त्यामुळे शब्द जागी बसेपर्यंत ठोका निघून गेलेला असतो. ‘टाकीत’ या शब्दाची हालचाल चार फ्रेमची असेल तर ती ११६व्या फ्रेमला सुरू व्हावी. १२०व्या फ्रेमवर चित्र थांबवून पाहिल्यास शब्द पूर्ण आकारात, स्थिर आणि वाचता येण्याजोगा दिसला पाहिजे. चाल ११० ठोक्यांची असेल तर एक ठोका सुमारे १३.६४ फ्रेमचा होतो आणि दर वेळी १४ फ्रेम पुढे सरकत गेल्यास साधारण ३८व्या ठोक्यापर्यंत मजकूर एक अख्खा ठोका मागे पडतो, म्हणून प्रत्येक ठोक्याची जागा आरंभापासून मोजून मगच पूर्णांकात आणावी.

लॅटिन लिपीप्रमाणे एकेक अक्षर सुटे उडवण्याचा प्रकार देवनागरीत करू नये, कारण त्यात शिरोरेषा तुटते, जोडाक्षर फुटते आणि पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या आधीच येऊन उभी राहते. येथे हालचालीचा लहानात लहान घटक अख्खा शब्द मानावा. शब्द खालून वर उघडणाऱ्या चौकटीला वरखाली पुरेशी जागा ठेवावी, नाहीतर रफार किंवा उकार कापला जातो, आणि ‘पूर’चा ‘पर’ झाला तर सम कितीही अचूक असली तरी वाचणाऱ्याच्या उपयोगाची राहत नाही.