स्क्वेअर वेव्हमधून २, ४, ६ कुठे गेले?

सेकंड इयरची पोरं सिग्नल्सच्या स्लाइड्स घेऊन रूमवर आली की बोट हमखास एकाच स्लाइडवर थांबतं. वर चौकोनी लाट आणि खाली ही ओळ:

f(t) = (4/π) [sin ωt + (1/3) sin 3ωt + (1/5) sin 5ωt + …]

यातले सम आकडे कुठे गेले? इंटिग्रेशन घोकून मार्क मिळतील, पण उत्तर चित्रातच आहे.

समजा आपली लाट अर्धा पिरियड +१ आणि पुढचा अर्धा उणे १ आहे. तिच्यात एखादी साइन किती आहे हे शोधायचं, तर दोघींचा गुणाकार करून पूर्ण पिरियडची सरासरी काढायची आणि दुप्पट करायची. पहिल्या अर्ध्यात लाट +१, म्हणजे गुणाकार ही ती साइनच.

आता वहीत काढून बघा. sin 2ωt त्या अर्ध्यात एक उंचवटा आणि एक खळगा पुरा करते. बेरीज शून्य! पुढच्या अर्ध्यातही तसंच, म्हणून २ गायब. sin 3ωt मात्र उंचवटा, खळगा, उंचवटा अशी जाते. दोन एकमेकांना खातात, एक उंचवटा उरतो. पुढच्या अर्ध्यात साइन आणि लाट दोन्हींची चिन्हं उलटतात, म्हणून तिथेही तेवढाच उरतो. हा उंचवटा पहिल्या साइनच्या उंचवट्याच्या एक तृतीयांश रुंद, म्हणून क्षेत्रफळही एक तृतीयांश. तो 1/3 इथून आला. पाचाचंही असंच.

पाव पिरियडवर, म्हणजे +१ च्या बरोबर मध्यावर, बेरीज तपासू. एका पदाने १.२७३, दोन पदांनी ०.८४९, तिसऱ्याने १.१०३, चौथ्याने ०.९२२. वरखाली होत ती १ कडे सरकते.

पण उडीजवळ असं होत नाही. पदं कितीही वाढवा, कडेला साधारण १.१८ पर्यंत शिंग निघतंच. ते अरुंद होत कडेला चिकटतं, पण उंची उतरत नाही. विल्ब्रहमने १८४८ मध्ये आणि गिब्जने १८९९ मध्ये हे मांडलं. तेव्हा प्लॉटवर शिंग दिसलं म्हणून प्रोग्रॅम खोडू नका. शिंग १.१८ च्या बरंच वर गेलं, तर मात्र गुणक तपासा.

लॅबमध्ये स्पेक्ट्रम बघताना १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हला २ किलोहर्ट्झवर रेघ दिसली, तर आधी ड्यूटी सायकल बघा. लाट पाव पिरियड वर आणि पाऊण पिरियड खाली असेल, तर वरच्या भागात sin 2ωt चा फक्त उंचवटा सापडतो, त्याला खाणारा खळगा तिथे नसतो. म्हणून २ परत येतो. अशा लाटेत ४ मात्र शून्य असतो. का, ते चित्र काढून तुम्हीच सांगा.