काळ्या छाया राखाडी का होतात?

प्रश्न : मावळतीकडे तोंड करून घेतलेली माझी छायाचित्रे धुरकट येतात. भिंग सदोष आहे काय?

उत्तर : आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा भिंगात नसून चौकटीबाहेरील सूर्यात आहे. सूर्य चित्रात नसला तरी त्याचे किरण दर्शनी काचेवर पडतात, आणि लेपरहित काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करीत असल्यामुळे, काचाकाचांमध्ये इतस्ततः फिरलेला हा प्रकाश अखेर सबंध चित्रावर पसरतो. उजळ भागास त्याची क्षिती नसते, परंतु छायेत मुळातच प्रकाश अल्प असल्याने तिचा काळेपणा तेवढ्यानेही लोपतो. लेपाने हे परावर्तन पुष्कळ घटते. मात्र धूळ व बोटांचे तेलकट डाग यांनी विखुरलेल्या प्रकाशावर काच स्वच्छ पुसणे हाच इलाज आहे.

खातरजमेसाठी कॅमेरा तिवईवर ठेवून, तळहाताची सावली भिंगावर पडेल, परंतु हात चित्रात येणार नाही, अशा बेताने धरावा. काळा रंग तत्क्षणी गडद झाला, तर हूड उपयोगी पडेल. रुंद कोनाच्या भिंगास फार खोल हूड लावल्यास चित्राचे कोपरे काळवंडतात. सूर्य चौकटीतच असेल, तर हूडचा उपाय चालत नाही. तेव्हा जादा फिल्टर काढून, सूर्य एखाद्या खोडाआड जाईल इतके बाजूस सरकावे.