परदेशातल्या ओढीचा लेख: एका पातोळीची कृती

परदेशात राहणारा माणूस घराविषयी लिहायला बसला की पहिल्या पानावर यादी उतरते: पहिला पाऊस, ढोल-ताशा, आजीची गोधडी, कटिंग चहा, दिवाळीची पहाट. यातलं काहीच खोटं नसतं, पण सगळं सारख्याच वजनाचं असतं आणि त्यात कुणी काही करत नसतं. वाचक मान डोलावतो, पुढे जातो. एकाच सणाचा एकच पदार्थ धरला तर कामाचा क्रम मिळतो, काम करणारे हात मिळतात आणि नेमकं काय अडतं तेही कळतं. ते कसं करायचं, हे एक उदाहरण घेऊन पाहू. लिहिणारी मालवणकडची, राहते टोरोंटोत. सण नागपंचमीचा.

१. यादी लिहून काढा, मग तिला चाळणी लावा.
यादी मनात अडवून ठेवली तर ती लेखात शिरते, म्हणून आधी वेगळ्या कागदावर उतरवा. मग प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारा: हा इथे पैसे टाकून मिळतो का? पुरणपोळी भारतीय दुकानात मिळते, उकडीचे मोदकही गोठवलेले मिळतात. मिळणाऱ्या पदार्थावर लिहिलं की लेख चवीच्या तक्रारीकडे वळतो. आमच्या उदाहरणात चाळणीवर पातोळी उरली, कारण तिला हळदीचं ताजं पान लागतं. ते पान पावसाळ्यात, परसातल्या हळदीला येतं.

२. पदार्थाची कृती पूर्ण लिहा, मापांसकट.
इथे भावना नको, फक्त काम. दोन वाट्या तांदळाचं पीठ, चवीपुरतं मीठ, पसरता येईल इतपत पाणी. एका नारळाचं खोबरं, त्याच्या निम्म्याने गूळ, वेलची. हे शिजवून चून करायचं. धुतलेल्या पानावर ओल्या बोटांनी पीठ पसरायचं, अर्ध्या भागावर चून ठेवायचं, पान मधल्या शिरेवर उभं दुमडायचं. मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफ. जरा निवल्यावर पान सोलायचं. गरम असतानाच सोललं तर पीठ पानाला चिकटून येतं.

लिहिताना जिथे माप सांगता येणार नाही, तिथे रिकामी जागा सोडा. अंदाजाने भरू नका, कारण त्या जागी घरचं माणूस उभं असतं. आपल्या लेखिकेला पीठ किती घट्ट भिजवायचं ते सांगता येईना, कारण घरी वाटी कुणी वापरलीच नव्हती.

३. रिकाम्या जागेसाठी घरी फोन करा आणि फक्त तेवढंच विचारा.
“माझी आठवण येते का?” असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं. “पीठ किती पातळ?” असं विचारलं तर आई आईसारखी बोलते: “पानाची शीर दिसाक नको गो, बास.” हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. सगळ्या लेखात घरच्यांच्या तोंडचं एवढं एक वाक्य पुरतं.

४. दिवसाचे नियम नोंदवा.
सणाच्या पदार्थामागे त्या दिवसाची शिस्त असते. नागपंचमीला पुष्कळ घरांत चिरणं, कापणं, तळणं वर्ज्य, म्हणून वाफेवरचं जेवण. मग नारळ आदल्या दिवशी खवून ठेवायचा, गूळही तेव्हाच चिरायचा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हीच पातोळी १५ ऑगस्टला, सायबिणीच्या फेस्ताला होते. तिथे पान तेच, पण दिवसाची शिस्त निराळी. म्हणून आपल्या घरचे नियम लिहायचे. परदेशात नेमके हे नियम मोडतात आणि मोडल्याचं आजूबाजूला कुणाला कळतही नाही.

वेळेचा हिशेबही इथेच करा. उन्हाळ्यात टोरोंटोचं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. मालवणात पंचमीचे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा टोरोंटोत आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात.

५. कृती जिथे अडते, तिथे थांबा.
परदेशातल्या स्वयंपाकघरात ही कृती मनातल्या मनात करून पाहा. पीठ, नारळ, गूळ सगळं मिळतं. अडतं ते पानावर. केळीच्या पानात पातोळी दुमडता येते, पण तो वास येत नाही. पिठात हळदपूड घातली तर रंग येतो आणि चव औषधासारखी होते. लेखाचा गाभा याच अडचणीत आहे, म्हणून निम्मी जागा तिला द्या. वासाला विशेषणं लावू नका. ‘मंद’, ‘मोहक’ यांनी वाचकाच्या नाकाशी काहीच येत नाही. वास कुठून कुठे पोचायचा आणि त्यामुळे कोण काय करायचं, ते लिहा.

६. आता खर्डा लिहा.
आठवण, ओढ, मायभूमी, डोळ्यांत पाणी हे शब्द बंद. नमुना असा:

“रात्रीचे साडेदहा. तिकडे पंचमी उजाडली, म्हणजे पहिला घाणा उतरला असणार. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली हळद आई पहाटे खुडते, मोठी पानं देवासाठी, फाटकी आमच्यासाठी. वाफ सुटली की वास पडवीपर्यंत येतो आणि अण्णा पेपर खाली ठेवतात. मी केळीचं पान आणलंय. पीठ पसरलं, शीर दिसत नाही. झाकण काढलं तेव्हा नुसत्या तांदळाचा वास आला. सकाळी डब्यासाठी सफरचंद कापलं आणि सुरी धुताना आज इथेही पंचमी असल्याचं लक्षात आलं.”

यात घराविषयी एकही तक्रार नाही. अंतर घड्याळात, पानात आणि सुरीत आहे.

बिघडलं ते कसं ओळखावं

दुसऱ्या पदार्थाचं नाव आलं असेल तर यादी मागच्या दाराने परत आली आहे. ते वाक्य काढा.

नुसती पाककृती झाली असेल तर त्यात हात कुणाचे ते कळत नाही. वर अण्णांचा पेपर काढून पाहा, उरलेलं कुठल्याही घरातलं वाटेल.

लेख फार गोड झाला असेल तर एक नावडती गोष्ट घाला. फाटकी पानं पोरांच्या वाट्याला यायची, हे त्यासाठीच ठेवलं आहे. घरचं सगळंच सुरेख असेल तर वाचक विश्वास ठेवत नाही.

पातोळी म्हणजे काय हे समजावण्यात परिच्छेद गेला असेल तर तो खोडा. विदर्भातल्या वाचकालाही पातोळी ठाऊक नसेल, पण पान खुडलं, पीठ पसरलं, वाफ काढली एवढ्यावरून त्याला ती दिसते.

ही रीत सगळ्यांना चालणार नाही. ज्याने घरी असताना स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही, त्याला दुसरी पायरी लिहिता येणार नाही. त्याने करणाऱ्याच्या नव्हे, ताटावर बसलेल्याच्या जागेवरून लिहावं: पान कोण सोलून द्यायचं, तूप कोण वाढायचं, आपल्याआधी कुणाला मिळायचं.

शेवटची चाचणी

खर्डा घरी वाचून दाखवा. “तिकडे बरी आहेस ना?” असं विचारलं गेलं, तर भावना वर आली आहे, सहाव्या पायरीतले बंद शब्द पुन्हा शोधा. “गूळ कमी सांगितलास” असं ऐकायला मिळालं, तर माप दुरुस्त करा आणि लेख पाठवून द्या.