त्यांची सकाळ, आपलं घड्याळ

पालकहो, घरून रात्री तीन वाजता मेसेज आला की तुझ्या मनात पहिल्यांदा काय येतं, हे परदेशी शिकणाऱ्या आपल्या लेकीला किंवा लेकाला एकदा सहज विचारून बघा. बहुतेकांच्या मनात आजी-आजोबाच येतात. मग अंधारात चाचपडत फोन उचलायचा आणि बघायचं, तर पणत्यांचा फोटो आणि “जेवलीस का गं?” जीव भांड्यात पडतो, पण झोप गेलेली असते ती गेलेलीच. शिकागोतले रात्रीचे तीन म्हणजे आपल्याकडची दुपारची दीड-अडीचची वेळ. नेमकी तेव्हाच जेवणं उरकून आपण निवांत टेकतो आणि फोन हाती घेतो.

लिहिण्याची ती वेळ सोडायचं कारण नाही. मनात आलं तेव्हा लिहावं, फक्त पोचवावं त्यांच्या सकाळी. ईमेलला ही सोय आहे. फोनवरच्या जीमेलमध्ये पत्र लिहून झालं, की पाठवायच्या बाणाऐवजी वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि Schedule send निवडा. तयार दिलेल्या वेळा सोडून Pick date & time वर जा आणि तारीख-वेळ आपल्या हातानं भरा. पत्र गूगलकडे जाऊन थांबतं, त्यामुळे नंतर तुमचा फोन बंद असला तरी ते वेळेवर निघतं. चार-दोन मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात, तेवढी धरून चाला.

आता मुद्द्याची गोष्ट. इथे भरलेली वेळ ही तुमची वेळ असते. पत्र कुणाला चाललंय, ती व्यक्ती कुठल्या देशात आहे, हे जीमेल बघत नाही. तुम्ही नाशिकला बसून सकाळचे आठ भरलेत, तर पत्र नाशिकच्या आठ वाजताच निघणार आणि शिकागोत तेव्हा आदली रात्र असणार. म्हणून मुलीची सकाळ आपल्या घड्याळात किती वाजता होते, हे आधी काढावं लागतं.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. “साडेदहा तासांचा फरक” हे पाठही झालेलं असतं. घोटाळा होतो तो या पाठ झालेल्या आकड्यानंच, कारण तो वर्षभर एकच राहत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपण घड्याळाला हात लावत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेअकरा तास. न्यूयॉर्कचा फरक साडेनऊ आणि साडेदहा, कॅलिफोर्नियाचा साडेबारा आणि साडेतेरा. ॲरिझोना मात्र जवळजवळ सगळं राज्य घड्याळ बदलत नाही, तिथे बारा महिने साडेबारा. युरोपात हा बदल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणजे अमेरिकेच्या आठवडाभर आधी.

आणि आपली दिवाळी बरोबर याच दिवसांत येते. 2025 चं लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात होतं, तेव्हा अमेरिकेची घड्याळं अजून उन्हाळ्यावर होती. 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे आणि अमेरिकेची घड्याळं 1 नोव्हेंबरलाच मागे गेलेली असतील. समजा, फराळाचा डबा कुरियरनं गेलाय आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आठला मुलीनं तुमचं पत्र वाचावं, अशी तुमची इच्छा आहे. पत्रात चकलीच्या भाजणीचं प्रमाण आहे, सोबत आजीच्या थरथरत्या अक्षरातल्या चिठ्ठीचा फोटो आहे. 2025 मध्ये त्यासाठी संध्याकाळचे साडेसहा भरायला हवे होते. यंदा साडेसात भरायला हवेत, आणि तारीख 8 नोव्हेंबरच. जुनाच हिशेब धरलात तर पत्र सातला पोचेल. रविवारची सकाळ, पहाटेपर्यंत अभ्यास करून झोपलेली पोर, तिच्यासाठी तो एक तास फार मोठा असतो.

फोनच्या घड्याळात शिकागो जोडून ठेवणं चांगलंच, पण ते आजचा फरक दाखवतं. ऑक्टोबरच्या शेवटी बसून 8 नोव्हेंबरचं पत्र लावायला घ्याल, तर ते साडेदहाच सांगेल, आणि त्या दिवशी फरक साडेअकरा झालेला असेल. पुढच्या तारखेसाठी माझा भरवसा गूगल कॅलेंडरवर आहे. नवी नोंद उघडा, ती दिवसभराची ठेवू नका. वेळेखाली जिथे भारताची प्रमाणवेळ दिसते, तिथे बोट ठेवून शिकागो शोधा. मग 8 नोव्हेंबर, सकाळचे आठ भरा आणि नोंद जतन करा. ती तुमच्या कॅलेंडरमध्ये संध्याकाळी साडेसातला जाऊन बसलेली दिसेल. त्या तारखेला तिथलं घड्याळ कुठे असेल, हे कॅलेंडर जाणतं. ती वेळ उचलायची आणि जीमेलमध्ये भरायची.

पूर्वेकडे मुलं असणाऱ्यांची अडचण निराळी. सिडनी त्या दिवसांत आपल्या साडेपाच तास पुढे असतं, म्हणून तिथले सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे अडीच. 7 तारखेला रात्री जेवणानंतर पत्र लिहिताना आपण त्याला “आज रात्री अडीच” म्हणतो आणि मनात 7 तारीख धरतो. घड्याळाच्या लेखी ते 8 तारखेचे 2:30 AM. आणि AM च्या जागी PM राहिला, तर पत्र तिकडे रात्री आठला पोचतं आणि मुलगा दिवसभर वाट बघतो. म्हणून वेळ लावून झाली की जीमेलच्या डावीकडच्या यादीतलं Scheduled उघडून तारीख आणि AM-PM एकदा डोळ्यांखालून घालाच.

मेसेजचं म्हणाल, तर टेलिग्रामवर पाठवायचा बाण दाबून धरला की वेळ लावता येते. तीही आपल्याच घड्याळाची. तिथे समोरचा माणूस ऑनलाइन आला की मेसेज जावा, अशीही सोय आहे आणि सकाळी उठल्याउठल्या फोन बघणाऱ्या मुलांसाठी ती मला फार आवडते, कारण तिथे हिशेबच नको. पण मूल रात्री एकला जागं असेल, तर मेसेज तेव्हाच जाईल आणि मुलानं ‘शेवटचं पाहिलं’ लपवलं असेल, तर ही सोय दिसतच नाही. ठरावीक सकाळ हवी असेल, तर ईमेलच बरा.

आणखी एक. मूल मुलाखतीसाठी, सुट्टीसाठी दुसऱ्या शहरात जातं तेव्हा त्याची सकाळही सरकते. शिकागोचे सकाळचे आठ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे सहा. त्या आठवड्यात कुठे असणार आहेस, एवढं पत्र लावण्याआधी विचारून घ्या. तुम्ही स्वतः मुलांकडे राहायला गेलात, तर तुमचा फोन तिथली वेळ धरतो. मग तिथून नाशिकच्या बहिणीला भाऊबीजेचं पत्र लावताना हिशेब उलटा करावा लागतो.

लावलेलं पत्र विसरू मात्र नका. मध्येच घरात कुणी आजारी पडलं, काही वाईट घडलं, तर फराळाचं हसरं पत्र ठरल्या वेळी निघणारच. त्याला घरातलं काही कळत नाही. अशा वेळी Scheduled मध्ये जाऊन ते उघडा आणि Cancel send दाबा. पत्र पुसलं जात नाही, मसुद्यात परत येऊन बसतं. आधी मुलीला फोन करा, पत्राचं नंतर बघता येईल.