आत्याच्या भेटीचं वेष्टन

मुलांनो, भारतातून आलेली बॅग उघडली की लोणच्याच्या बरणीभोवती काय असतं? मराठी वर्तमानपत्र! ते टाकून देऊ नका. त्याच कागदात आज आपण आत्याच्या वाढदिवसाची भेट बांधणार आहोत, आणि ती सजवायची आहे तुम्ही, एकट्यानं.

आधी कागद वाचा. हो, वाचाच! आत्याला मराठी वाचता येतं. भेट हातात घेतल्यावर तिची नजर आधी अक्षरांवर जाईल. ‘निधन’ किंवा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द दिसले, तर ते पान बाजूला ठेवा. अशा पानावर वारलेल्या माणसांचे फोटो असतात. वाढदिवसाला ते बरं दिसत नाही. क्रिकेटची बातमी, शब्दकोडं किंवा पावसाचा फोटो असलेलं पान छान. त्यावर तेलाचे डाग नाहीत ना, हेही बघा.

आता माप घेऊ. समजा, आपला खोका 20 सेंटीमीटर लांब, 15 रुंद आणि 5 उंच आहे. कागद खोक्याभोवती पूर्ण फिरायला हवा : 15 + 5 + 15 + 5 = 40. एक कड दुसरीवर चढायला आणखी 3 हवेत. म्हणजे एका बाजूनं 43 सेंटीमीटर. दुसऱ्या बाजूनं खोक्याची लांबी 20, आणि दोन्ही टोकांना दुमडायला 4-4. म्हणजे 28. टोकांना यापेक्षा खूप जास्त कागद ठेवला तर घडी जाड होते आणि पुन्हा पुन्हा उघडते. कमी ठेवला तर खोका उघडा पडतो.

छान पान खाली तोंड करून टेबलावर पसरा. खोकाही मधोमध पालथा ठेवा. 28 सेंटीमीटरच्या दोन्ही कडा वर आणून चिकटवा. मग टोकाकडचा कागद आधी डावीउजवीकडून आत दाबा. वर आणि खाली एक-एक पाळ तयार होते. वरची पाळ खाली आणा, खालची वर आणा आणि चिकटवा. दुसऱ्या टोकालाही तसंच करा. पातळ डिंक वापरू नका, कारण वर्तमानपत्राचा कागद ओला झाला की फाटतो. डिंकाची कांडी चांगली.

आता तुमचं चित्र. ते थेट वर्तमानपत्रावर काढू नका. स्केचपेनचा रंग या कागदावर पसरतो, आणि अक्षरांच्या गर्दीत चित्र हरवतं. एका बाजूनं छापलेला जुना कागद घ्या. त्याच्या कोऱ्या बाजूवर, तळहाताएवढ्या चौकोनात, आत्याला आवडणारी एक गोष्ट काढा. एकच, पण मोठी. मग ते चित्र कापून खोक्याच्या वरच्या बाजूला, उजवीकडे चिकटवा. चित्र बिघडलं तर फक्त चित्र पुन्हा काढायचं. वेष्टन तसंच राहतं.

डावीकडे जागा रिकामी ठेवली ना? तिथे कापडाची पट्टी येईल. जुन्या सुती ओढणीची किंवा साडीची दोन बोटं रुंद आणि 80 सेंटीमीटर लांब पट्टी घ्या. कापण्याआधी आईला विचारा, नाहीतर नवीच साडी कापली जायची! गुळगुळीत रेशमी कापडाची गाठ सुटते, म्हणून सुती कापड बरं.

पट्टी खोक्याभोवती फिरवा. पहिल्यांदा उजवं टोक डाव्या टोकावरून घालून आत वळवा. दुसऱ्यांदा डावं टोक उजव्यावरून घाला. गाठ बरोबर आली की दोन्ही टोकं पट्टीच्या दिशेनं शांत झोपतात. ती आडवी वळून उभी राहिली, तर दोन्ही वेळा तुम्ही एकाच बाजूचं टोक वर घेतलंय. सोडा आणि परत बांधा.

एक लक्षात ठेवा : लाडू किंवा चिवडा थेट वर्तमानपत्रात गुंडाळायचा नाही. छपाईची शाई खाण्याला लागते. आधी डबा, मग कागद. आणि काम झालं की तुमची बोटं बघा. काळी झाली असतील! हात धुऊन मगच चित्राला हात लावा.

शब्दार्थ
वेष्टन – वस्तूभोवती गुंडाळलेला कागद किंवा कापड
पालथा – वरची बाजू खाली केलेला
पाळ – दुमडायला मोकळा राहिलेला भाग
सुती – कापसाच्या धाग्याचं

सांगा पाहू
1. ‘निधन’ हा शब्द असलेलं पान का वापरायचं नाही?
2. चित्र वेगळ्या कागदावर का काढायचं?
3. तुमचा खोका 10 सेंटीमीटर रुंद आणि 4 उंच असेल, तर त्याभोवती फिरवायला किती कागद लागेल? कडेचे 3 विसरू नका.